पुणे-सोलापूर महामार्ग, रात्रीची वेळ: डिपरच्या उजेडात वेग किती ठेवावा?

सीनाकाठ

घरगुती कारणामुळे पुढचे काही महिने मला दर आठवड्याला हडपसरहून मोहोळपर्यंत स्वतः गाडी चालवत जावे लागणार आहे. कार्यालय सुटून निघेपर्यंत आठ वाजतात, त्यामुळे पाटसच्या पुढचा जवळजवळ सगळा रस्ता अंधारात पार करावा लागतो. गाडी लहान हॅचबॅक आहे आणि दिवे कंपनीने दिलेले हॅलोजनचेच आहेत. रस्ता चौपदरी आहे, दुभाजक आहे, डांबरही बरे आहे. तरीही तीन गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो. समोरच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांचे अपर थेट डोळ्यांत शिरतात, डाव्या लेनमध्ये दिवे न लावता उभे असलेले ट्रक अगदी जवळ गेल्यावरच दिसतात आणि टेंभुर्णीच्या आसपास दुचाकीस्वार बिनधास्त उलट दिशेने येतात.

माझे प्रश्न दोनच आहेत. डिपरवर चालताना सुरक्षित वेग कोणत्या हिशेबाने ठरवावा, आणि डावी लेन धरावी की उजवी? ‘रात्रीचा प्रवास टाळा’ हा सल्ला मला पटतो, पण तो पाळणे सध्या शक्य नाही, म्हणून तेवढा कृपया वगळावा.

हमरस्ता

तुमच्या त्रासाचे मूळ हॅलोजनच्या दिव्यांत आहे. बाजारातून चांगले पांढरे एलईडी बल्ब आणून बसवा, रात्री चालवण्याचे पिवळे चष्मे मिळतात त्यातला एक घ्या आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर सरळ अपर लावून चाला. दोन्ही बाजूंच्या मध्ये कण्हेरीची झाडे असतात, त्यामुळे समोरच्याला तुमचा उजेड लागत नाही. मी अनेक वर्षे असाच चालवतो आणि शंभरच्या खाली सहसा येत नाही.

तिरपा कोन

हमरस्ता, अपरबद्दलचे तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दुभाजकातली कण्हेर दाट आणि पुरुषभर उंच असेल, पुढे जवळपास कोणाची गाडी नसेल, तर अपर लावलाच पाहिजे. डिपरवर रांगत राहण्यात काही शहाणपण नाही. मात्र ही झाडे सलग नाहीत. पुलांवर ती नसतात, वळणासाठी सोडलेल्या जागी नसतात आणि काही ठिकाणी वाळून गेलेली आहेत. अशा प्रत्येक खिंडारातून तुमचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि त्याचा तुमच्या. शिवाय पुढे चाललेल्या गाडीच्या आरशातही तो जातो, ज्याचा विचार आपल्याकडे फार थोडे लोक करतात.

एलईडी बल्बचे मात्र मुळीच पटत नाही. दिव्याच्या आतली चकचकीत वाटी हॅलोजनची तार नेमकी कुठे असेल हे धरून घडवलेली असते. त्या जागी वेगळ्या आकाराचा प्रकाशाचा उगम बसवला की झोताची वरची कड विस्कटते. मग गाडीपुढचा पाच-पंधरा मीटरचा रस्ता झगझगीत दिसतो, त्यामुळे चालकाला बरे वाटते, पण त्याच उजळ पट्ट्यामुळे डोळा दूरच्या अंधाराला सरावत नाही. समोरच्याला होणारा त्रास तर वेगळाच. आणि पिवळी काच डोळ्यात येणारा एकूण प्रकाशच कमी करते, म्हणजे जो काळा ट्रक आधीच दिसत नव्हता तो आणखी उशिरा दिसणार.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डिपरचा झोत मुद्दाम खाली झुकवलेला असतो. साधारण शंभर सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर खाली, असा तो उतार असतो. तुमच्या हॅचबॅकचे दिवे जमिनीपासून सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीवर असतील, तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. त्यापलीकडे, निदान उजव्या अर्ध्या भागात, डिपरचा नेमका उजेड पोहोचतच नाही. आपण डावीकडून चालतो म्हणून डाव्या बाजूला झोत मुद्दाम थोडा वर उचललेला असतो, त्यामुळे साइडपट्टी आणि तिथला माणूस जरा लांबून दिसतो. प्रत्यक्षात मळक्या रंगाचा, रेडियम पट्टी नसलेला ट्रक डिपरमध्ये ५०-६० मीटरवर ओळखता आला तर ते चांगलेच म्हणावे लागेल, आणि तेही समोरून कोणी डोळे दिपवत नसताना.

याच्याशी थांबण्याचे अंतर ताडून पाहा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अनपेक्षित, अंधुक आकृती दिसणे, ती उभी आहे हे कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत रात्री दोन सेकंद सहज जातात, म्हणजे ४४ मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक मारला तरी थांबायला ४० मीटर लागतात. एकूण झाले ८४ मीटर, आणि ट्रक दिसला होता ५५ मीटरवर. म्हणजे ब्रेक लागल्यावर तुमच्याकडे फक्त ११ मीटर उरतात आणि गाडी ट्रकला धडकते तेव्हा तिचा वेग ताशी ६८ च्या घरात असतो. इतका आटापिटा करून कमी झाले ते जेमतेम १२. हाच हिशेब ताशी ६० ला केला तर प्रतिक्रियेत ३३ मीटर आणि ब्रेकमध्ये २२-२३ मीटर जातात. गाडी ट्रकच्या मागच्या फळीशी जेमतेम थांबते. त्यामुळे डिपरवर, अनोळखी अंधारात, माझे उत्तर ६० आहे. पाऊस पडून गेला असेल तर तेही जास्त होते.

हमरस्ता

कागदावर हे ठीक आहे. पण माणूस नुसता ब्रेकच मारत नाही, स्टिअरिंगही वळवतो. उजवी लेन मोकळी असेल तर बाजूने निघून जाता येते.

तिरपा कोन

मोकळी आहे हे त्या दोन सेकंदांत कळणार कसे? मागून व्होल्वो येत असेल तर? वळवून निसटणे हा पर्याय आहेच, आणि कधी कधी तोच जीव वाचवतो. पण त्यासाठी मागे कोण आहे हे आरशात आधीच पाहून ठेवलेले असावे लागते. वेग ठरवताना मी तो हिशेबात धरत नाही.

निवृत्त मास्तर

नमस्कार. विषय डोळे दिपण्याचा आहे म्हणून विचारतो. माझे वय ६८ आहे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दिवसा वर्तमानपत्र चष्म्याविना वाचतो, पण रात्री प्रत्येक दिव्याभोवती मोठे वलय दिसते आणि एखादी गाडी निघून गेल्यावर बराच वेळ समोर काळोख राहतो. सुरुवातीला असे नव्हते. मी बार्शीहून कुर्डूवाडीला मुलीकडे जातो, तो रस्ता दुपदरी आहे. तिथे दुभाजकच नसल्याने इथे सांगितलेले किती लागू पडेल?

दृष्टिक्षेप

मास्तर, सुरुवातीला नव्हते आणि आता आहे, हे महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा अनेकांचा धूसर होतो. दिवसा वाचताना तो जाणवतोच असे नाही, पण रात्री त्यावर प्रकाश विखुरतो आणि वलये दिसतात. तपासणीत तेच निघाले तर लेझरने बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत उपचार होतो. जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसावे म्हणून बसवलेली बहुकेंद्री भिंगे असतील तर वलये पहिल्यापासूनच असतात आणि ती पूर्णपणे जात नाहीत. कोणते भिंग बसवले आहे ते तुमच्या शस्त्रक्रियेच्या कार्डावर लिहिलेले असेल. तपासणी होईपर्यंत रात्री स्वतः चालवू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

सीनाकाठ यांच्यासाठी थोडे. दिपण्याचे दोन भाग असतात. झोत डोळ्यात असताना त्याचा प्रकाश डोळ्याच्या आत पसरतो आणि समोरच्या दृश्यावर जणू पांढरा पडदा धरला जातो; गाडी निघून गेल्यावर दृष्टी पूर्ववत व्हायला आणखी काही सेकंद जातात, आणि वयाबरोबर ते वाढत जातात. ताशी ८० ला असा प्रत्येक सेकंद २२ मीटरचा असतो. म्हणून दिपल्यावर पाय उचलण्यात फारसा अर्थ नाही, लांबून झगमगाट येताना दिसला की तेव्हाच वेग उतरवावा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर न्यावी. आणखी एक, पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात. आतल्या बाजूला धुरकट थर साचतो तो दिवसा दिसत नाही आणि रात्री सगळा झोत त्याच्यावर फुटतो.

टोलनाक्याबाबतही सावध राहावे. सरडेवाडी किंवा वरवडेच्या नाक्यावरच्या प्रखर दिव्यांतून बाहेर पडून माणूस लगेच वेग घेतो, पण डोळे अजून उजेडालाच सरावलेले असतात. तिथून पुढचा एखाद-दुसरा किलोमीटर सावकाश जावे.

दहाचाकी

माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत आणि पूर्वी मी स्वतः चालवत होतो, म्हणून ट्रकवाल्यांची बाजूही मांडतो. समर्थन म्हणून नव्हे, पण ट्रक असा का उभा असतो हे कळले तर तो कुठे उभा असेल याचा अंदाज येतो.

अनेक जण विचारतात की ट्रक रस्त्याच्या पूर्ण खाली का उतरवत नाहीत. या पट्ट्यात साइडपट्टीच्या पलीकडे काळी माती आहे. पंचवीस-तीस टन माल भरलेली गाडी पावसाळ्यात, किंवा शेजारच्या उसाला पाणी सुटलेले असताना, खाली उतरवली की डावी चाके रुततात आणि गाडी कलते. त्यामुळे टायर फुटला किंवा पाटा तुटला की चालक अर्धी गाडी डांबरावरच ठेवतो. एक्सल गेला असेल तर हलवणेही त्याच्या हातात नसते. चारही इंडिकेटर सुरुवातीला चालू असतात, पण मिस्त्री सकाळी येणार असेल तर तोपर्यंत बॅटरी उतरते आणि पहाटे तीन वाजता तुम्हाला दिसतो तो नुसता काळा डोंगर. त्रिकोण प्रत्येक गाडीत असायला हवा असा नियम आहे. ठेवला तर चोरीला जातो, म्हणून क्लीनर दगड आणि बाभळीच्या फांद्या मांडतो. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, ही आमच्या लोकांची चूक मी मान्य करतो. रस्त्यावर फांदी दिसली की तिच्या पुढे शंभरेक पावलांत काहीतरी आहे असेच समजून चालावे.

जी गाडी बंद पडलेली नसून झोपण्यासाठी उभी केलेली असते, तिला मात्र कोणतीही सबब नाही. अशा गाड्या ढाब्याच्या अलीकडे-पलीकडे आणि टोलनाका ओलांडल्यावर जास्त सापडतात. मागची लाल रेडियम पट्टी चिखलाने भरलेली असते किंवा ताडपत्रीच्या दोरांनी झाकली जाते. ती स्वच्छ असेल तर डिपरमध्येही खूप लांबून चमकते, म्हणून माझ्या चालकांना निघताना ओल्या फडक्याने ती पुसायला लावतो.

दिसलेली धोकादायक गाडी 1033 या महामार्गाच्या क्रमांकावर कळवा. मात्र ‘इंदापूरच्या पुढे’ असे सांगून उपयोग होत नाही; जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि पुण्याकडून की सोलापूरकडून, एवढे सांगितले तर गस्तीची गाडी नेमकी पोहोचते.

उजनीकर

मी टेंभुर्णीचाच. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींवर सगळे संतापतात, आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, उलट दिशेने चालवणे स्पष्टपणे आले आहे. तरीही ते थांबत नाही, कारण शेत रस्त्याच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला अशी आमच्याकडे शेकडो घरे आहेत. सरळ मार्गाने जायचे तर पुढच्या पुलाखालून वळसा, आणि सेवा रस्ता मध्येच संपलेला. पाचशे मीटरसाठी कोणी चार-पाच किलोमीटर फिरत नाही.

बाहेरच्या लोकांना माहीत नसते ते असे, की हे स्वार दोन प्रकारचे असतात. पेट्रोल पंपावर किंवा वस्तीवर जाणारा तुमच्या डाव्या कडेने, साइडपट्टीवरून येतो. दुभाजकातल्या फटीतून पलीकडे जायचे असेल तो मात्र दुभाजकाला चिकटून, म्हणजे तुमच्या उजव्या लेनमधून येतो. पहिला त्रासदायक असतो, दुसरा जीवघेणा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, पण शेतावर चालणाऱ्या गाड्या बहुतेक त्याआधीच्या असतात, आणि काही जण तर समोरच्याने शिव्या देऊ नयेत म्हणून दिवा मुद्दाम बंद करतात.

तिरपा कोन

उजनीकर यांनी सांगितलेला फरक माझ्या हिशेबात महत्त्वाचा आहे. तुम्ही ८० ने आणि तो ४० ने येत असेल तर अंतर सेकंदाला ३३ मीटरने घटते. बिनदिव्याचा स्वार ५५ मीटरवर दिसला तर हातात पावणेदोन सेकंदही नाहीत. पाय ब्रेकपर्यंत पोहोचण्याआधीच भेट झालेली असते. त्याच्या बाबतीत वेग कमी ठेवल्याने जखम कमी होईल, टक्कर टळेलच असे नाही. टळते ती तुम्ही कोणत्या पट्ट्यात आहात त्यावरून.

दिवा लावून येणारा मात्र ओळखता येतो, फक्त नजर तशी लावून घ्यावी लागते. सरळ रस्त्यावर पलीकडच्या बाजूने येणारा प्रत्येक दिवा जवळ येताना हळूहळू उजवीकडे सरकत जातो. जो दिवा मोठा होतो पण जागचा हलत नाही, तो तुमच्याच बाजूने, तुमच्याच दिशेने येतो आहे. वळणावर ही खूण फसवते, म्हणून वळणावर कोणत्याही एकट्या दिव्यावर विश्वास ठेवू नये; तो एक डोळा गेलेला ट्रकही असू शकतो.

उभ्या ट्रकचीही अशीच एक खूण आहे. तो स्वतः दिसत नसला तरी त्याच्यामागचे काहीतरी झाकतो. लांबच्या पंपाचे दिवे किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे मध्येच विझल्यासारखे झाले, तर तिथे काहीतरी उभे आहे असे धरून पाय उचलावा.

सीनाकाठ

हे सगळे उपयोगी आहे, पण लेनचा गोंधळ वाढला. डावीकडे ट्रक, उजवीकडे दुभाजकालगतचा स्वार. मग जावे कुठून?

तिरपा कोन

मी डावी लेन धरतो, मात्र तिच्या उजव्या कडेला, तुटक पांढऱ्या रेषेजवळ. साइडपट्टीवरचा स्वार आणि अर्धा बाहेर राहिलेला ट्रक दोन्हींपासून थोडे अंतर मिळते, आणि ६० चा वेग डाव्या लेनमध्येच शोभतो.

दहाचाकी

मला हे पटत नाही. डाव्या लेनमध्ये ६० ने, तेही रेषेला चिकटून गेलात तर मागून भरलेला ट्रक अपर-डिपर देत अंगावर येतो आणि ओव्हरटेक करणाऱ्याला जागाही पुरत नाही. एखादी मध्यम वेगाची बस किंवा कार पाहावी आणि चार सेकंदांचे अंतर ठेवून तिच्या मागे, ती ज्या लेनमध्ये असेल त्याच लेनमध्ये राहावे. तिचे दिवे तुमच्यासाठी पुढचा शंभर मीटर रस्ता उघडून दाखवतात आणि तिचे लाल दिवे अचानक उजवीकडे सरकले की पुढे काय आहे ते तुम्हाला आधीच कळते. रात्री आम्ही असेच चालतो.

तिरपा कोन

चार सेकंद पाळले तरच. लोक दीड सेकंदावर चिकटतात; मग पुढची गाडी शेवटच्या क्षणी बाजूला होते आणि ट्रक थेट तुमच्या पुढ्यात उघडा पडतो. आणि पुढची गाडी ९० ने जात असेल तर तिच्या मागे जाण्यासाठी तुम्हीही ९० ने जाणार का? तिथे आपले मत जुळणार नाही असे दिसते.

उजनीकर

गाळप हंगामाचे कोणी बोलले नाही. दिवाळीपासून उन्हाळा सुरू होईपर्यंत या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागचे रेडियम लावलेले असले तरी वाढे लोंबून ते झाकले जाते, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी आलेला असतो. ट्रॅक्टरचा वेग पंधरा-वीस, म्हणजे तुमच्या दृष्टीने तो उभाच. कारखान्याकडे वळायला तो फटीजवळ उजव्या लेनमध्ये येतो. त्या महिन्यांत मी तरी दहाचाकींच्या पद्धतीने, कोणाच्या तरी मागे राहूनच येतो-जातो.

सीनाकाठ

काल रात्री सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावून झोत तपासला. तिरपा कोन यांच्या हिशेबाने भिंतीवरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. डाव्या दिव्याची बरोबर आली, उजव्याची मात्र दिव्याच्याही वर जाते. म्हणजे मीही लोकांच्या डोळ्यांत उजेड मारत होतो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची एक चकती आहे, ती फिरवली की दोन्ही झोत एकदम खाली येतात, पण फरक तसाच राहतो. डिकीत सामान असताना ती चकती किती ठेवावी?

तिरपा कोन

आधी उजवा दिवा गॅरेजमध्ये त्याच्या मागच्या स्क्रूवर जुळवून घ्या. चकती त्यासाठी नाही. ती मागे वजन पडून गाडीचे नाक वर उचलले जाते तेव्हासाठी आहे: एकटे असताना ०, मागे तिघे बसले तर साधारण १, त्यात डिकीही भरली तर २. नेमका तक्ता गाडीच्या पुस्तिकेत असतो, कारण प्रत्येक गाडीचे स्प्रिंग वेगळे असतात. ३ वर ठेवून रिकामी गाडी चालवू नका, ५५ मीटरचे ३० होतील.